तूरडाळ वजा सहाशे पंधरा

मार्चअखेरीचा स्टॉक काढून द्यायला अमळनेरला मामांकडे गेले, तेव्हा दोन दिवसांचं काम समजून दोनच ड्रेस घेऊन गेले होते. परत आले ती आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, करूनच.

मामांचं दुकान धान्य-किराण्याचं. खेड्यांवरचे छोटे दुकानदार कट्ट्याने माल नेतात, गावातले लोक किलोने. बिलं संगणकावर निघतात, पण टाइप करणारे हात तीन. मामा स्वतः इंग्रजीत टाकतात, कारण व्यापाऱ्याचं बिल इंग्रजीत येतं आणि ते समोर ठेवूनच आवक चढवायची असते. बापू, म्हणजे तीस वर्षांपासूनचे मुनीम, मराठीत टाकतात. आणि संध्याकाळच्या गर्दीत गल्ल्यावर बसणारा कॉलेजचा मुलगा मोबाइलवर लिहितो तसं, `tur dal`.

मामांचा प्रश्न अगदी साधा होता. आखाजीला लेकी माहेरी येतात, घरोघरी पुरण होतं, वरण-बट्टीच्या पंगती उठतात. त्याआधी तूरडाळ, हरभराडाळ आणि गूळ किती मागवायचा? मागच्या वर्षी त्यांनी अंदाजाने चाळीस कट्टे तूरडाळ मागवली, आणि पावसाळ्याच्या तोंडाला गोदामाच्या मागच्या थप्पीत जुनेच कट्टे निघाले. तोवर डाळीला कीड लागली होती. "या वेळेस अंदाज नको, आकडा दे," मामा म्हणाले.

मी सॉफ्टवेअरमधून शिल्लक मालाची यादी काढून छापली. बापूंनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"तूरडाळ वजा सहाशे पंधरा. वजा डाळ कशी राहील? एक तर आहे, नाही तर नाही."

शोधल्यावर तूरडाळ चार ठिकाणी सापडली. फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांच्या या चार ओळी. जुनी डाळ जानेवारीत संपवून मग नवा माल भरला होता, म्हणून सुरुवातीची शिल्लक शून्य.

```
नाव             एकक   आवक   जावक   शिल्लक
TOOR DAL 30KG   BAG   60    22     38
तूरडाळ           kg    0     615    -615
Tur dal         Kgs   0     180    -180
तुरदाळ           QTL   4     0.5    3.5
```

वजा शिल्लक दिसली की मामांना पहिली शंका चोरीची येते. पण चोरी झाली असती तर कागदावर माल जास्त आणि गोदामात कमी दिसला असता. कागदच वजा जातो तो वेगळ्या कारणाने. माल एका नावाने आत आला आणि दुसऱ्या नावाने बाहेर गेला. मामांनी `TOOR DAL 30KG` मध्ये साठ कट्टे चढवले, बापूंनी सुटी डाळ `तूरडाळ` मधून विकली. म्हणजे एका खात्यात डाळ साचत गेली आणि दुसरं खातं वजा होत गेलं. तेव्हापासून माझी सवय अशी की, यादी हातात आली की आधी वजा ओळी वेगळ्या काढायच्या. प्रत्येक वजा ओळीचा जोडीदार त्याच यादीत कुठे तरी फुगून बसलेला असतो.

चारही शिल्लक आकड्यांची बेरीज केली तर वजा ७५३.५ येते. पण ७५३.५ काय? कट्टे, किलो आणि क्विंटल यांची ती खिचडी आहे. त्या आकड्याला काहीही अर्थ नाही, आणि एक्सेल मात्र तो निमूटपणे काढून देतं.

मग मी सगळी नावं एका खाली एक काढून, दुबार ओळी उडवून मोजली. बापूंच्या मते दुकानात "सव्वादोनशे जिन्नस" आहेत. यादीत नावं निघाली सहाशे चाळीस. एककाच्या रकान्यात तर नुसत्या किलोचीच `kg`, `kgs`, `Kgs.`, `k.g.`, `kilo`, `Kilogram`, `kilograme`, `किलो`, `किलोग्रॅम`, `कि.ग्रॅ.` आणि `केजी` अशी वरात होती.

इथे मी पहिली चूक केली. वाटलं, शोधा-आणि-बदला वापरून पाच मिनिटांत सगळं एकसारखं करून टाकू. `kg` च्या जागी `किलो` घातलं, तर `KGS` चं `किलोS` झालं आणि `TOOR DAL 30KG` चं `TOOR DAL 30किलो`. तरी शहाणपण आलं नाही. पुढे `LT` च्या जागी `लिटर` घातलं. थोड्या वेळाने यादीत `SAलिटर 1किलो` असा जिन्नस दिसला. हे काय, म्हणून मी बापूंनाच विचारलं. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "हे मीठ आहे." `SALT` मधल्या शेवटच्या दोन अक्षरांचं लिटर झालं होतं.

फाइल बंद करून सॉफ्टवेअरमधून पुन्हा नवी काढली आणि ठरवलं की मूळ रकान्यांना हात लावायचा नाही. बिलात जे पडलं ते तसंच राहील, चुकीचं असलं तरी. शेजारी दोन वेगळे तक्ते केले. पहिला पक्की यादी. त्यात एका जिन्नसाला एक कोड, एक नाव आणि मोजायचं एकच एकक. दुसरा जुळणीचा तक्ता. त्याच्या डावीकडे बिलात पडलेलं नाव आणि एकक ही जोडी, उजवीकडे पक्का कोड आणि एक गुणक, म्हणजे त्या आकड्याला कितीने गुणलं की पक्क्या एककात येईल तो. क्विंटलला १००, किलोला १, ग्रॅमला ०.००१. जुळणी चुकली तर तक्त्यातली एक ओळ सुधारायची, बिलं तशीच राहतात.

जोडी घ्यायची, नुसतं नाव नाही, हे महत्त्वाचं. `तूरडाळ` हे नाव `kg` बरोबर आलं तर गुणक १, `QTL` बरोबर आलं तर १००. नुसत्या नावावर जुळवलं असतं तर साडेतीन क्विंटलचे साडेतीन किलो झाले असते.

मामांनी विचारलं, पक्क्या यादीत किलो कसा लिहायचा? मापनशास्त्राच्या नियमाने चिन्ह `kg`, दोन्ही अक्षरं लहान, पुढे s नाही, टिंब नाही. पण जीएसटीच्या रिटर्नमध्ये एचएसएनच्या, म्हणजे मालाच्या ठरावीक कोडांच्या, तक्त्यात जो एककाचा कोड निवडावा लागतो तो `KGS`. दोघांपैकी एकाला चूक म्हणून भागत नाही. मी पक्क्या यादीत `kg` ठेवलं आणि शेजारच्या रकान्यात रिटर्नचा कोड `KGS` लिहिला. कट्ट्याला तिथे `BAG`, क्विंटलला `QTL`.

जुळणीला सुरुवात केली तर काही ओळी जुळेचनात. डोळ्यांना `kg` आणि `kg` एकच दिसत होतं, एक्सेल मात्र वेगळं म्हणत होतं. अशा वेळी अक्षरं मोजायची.

```
=LEN(B2)
=UNICODE(RIGHT(B2,1))
```

पहिल्या सूत्राने ३ दाखवलं, दोन हवे होते. दुसऱ्याने शेवटच्या अक्षराचा क्रमांक दिला, १६०. ही न तुटणारी मोकळी जागा. वेबपेजवरून किंवा ईमेलमधून माल-यादी चिकटवली की ती बरोबर येते. `TRIM` ती काढत नाही, कारण `TRIM` ला फक्त ३२ क्रमांकाची साधी स्पेस कळते. आधी १६० ची ३२ करायची, मग ट्रिम.

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," "))
```

मराठी नावांत याहून गमतीचा प्रकार निघाला. उपासाच्या भगरीला कुणी तरी `वऱ्याचे तांदूळ` असं नाव दिलं होतं, आणि ते यादीत दोनदा होतं. दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघितल्या, काना-मात्रेचा फरक नाही. `वऱ्या` एवढाच तुकडा मोजला तर एकीकडे पाच आणि दुसरीकडे सहा अक्षरं. एका कीबोर्डवर हा आडवा ऱ स्वतंत्र अक्षर म्हणून पडतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडक पडतो, त्याचा क्रमांक ८२०५. पडद्यावर आकार एकच, संगणकाला शब्द दोन. असे न दिसणारे जोडक सरसकट पुसायला गेलात तर साध्या र चा रफार होऊन तो य वर चढतो आणि `वर्या` होतं. म्हणून ते मूळ ठिकाणी न पुसता जुळणीच्या तक्त्यात दोन ओळी घातल्या, दोन्हींच्या पुढे कोड एकच, भगरीचा.

आता नावं. एका मैत्रिणीने सांगितलं, ओपनरिफाइन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते सारखी दिसणारी नावं आपोआप गटात आणून देतं. वापरून पाहिलं. त्यातली एक पद्धत किती अक्षरं बदलली की एक शब्द दुसरा होतो ते मोजते. `तूरडाळ` चं `तुरदाळ` करायला दोन अक्षरं बदलावी लागतात, दीर्घ ऊ आणि ड. `TOOR DAL 30KG` चं `TOOR DAL 50KG` करायला एकच. म्हणजे ज्या दोन नावांचा माल एक होता ती लांब, आणि ज्यांत कट्ट्यामागे वीस किलोंचा फरक होता ती चिकटून शेजारी. `भगर` आणि `वऱ्याचे तांदूळ` तर एका गटात येणं शक्यच नव्हतं, तसेच `चना दाल` आणि `हरभराडाळ`. त्या सॉफ्टवेअरला दोष नाही, ते स्पेलिंग बघतं, पोत्यात हात घालत नाही. मी त्याचे गट सुचवण्या म्हणून घेतले आणि ज्या गटात आकडा बदलतो तो एकही गट न बघता मान्य केला नाही.

खरी डोकेफोड झाली `ज्वारी` आणि `दादर` वर. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. बाहेरचा माणूस दोन्ही एका कोडात घालेल, मीही घालत होते. मामांनी थांबवलं. "गिऱ्हाइकाला दादर हवी असताना ज्वारी दिली तर तो त्याच भावात घेईल का? नाही ना? मग त्या दोन." हीच कसोटी आम्ही सगळीकडे लावली. एकाच्या जागी दुसरं, त्याच भावात, कुरकुर न करता चालत असेल तर एक कोड, नाही तर वेगळा. `शेंगदाणा` आणि `सेंगदाना` एक झाले. जाड शेंगदाणा आणि बारीक शेंगदाणा वेगळे राहिले. सहाशे चाळीस नावं दोनशे एकतीस कोडांत बसली. बापूंचा सव्वादोनशेचा अंदाज माझ्या दहा दिवसांच्या कामापासून सहा जिन्नसांवर होता, हे त्यांनी पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं.

मग आले कट्टे, आणि तिथे माझं गणित दुसऱ्यांदा फसलं. किलो, ग्रॅम, क्विंटल यांचं नातं जगभर ठरलेलं आहे, ते एकदा लिहिलं की संपलं. कट्टा हे तसं माप नाही. तो किती किलोचा, ते त्यात काय भरलंय आणि कुणी भरलंय यावर ठरतं. मला लहानपणापासून माहीत असलेला कट्टा पन्नासचा, म्हणून मी `BAG` समोर सरळ ५० लिहून मोकळी झाले. त्या हिशोबाने आवक तीन हजार आणि चारशे, मिळून ३४०० किलो. जावक ११०० आणि सुटी व क्विंटलची ८४५, मिळून १९४५. शिल्लक १४५५ किलो तूरडाळ.

मामा खूश झाले, मागवायलाच नको म्हणाले. मी खात्री करायला गोदामात गेले. हमालभाऊ थप्पीवर बसून तंबाखू मळत होते. एका कट्ट्यावर हात ठेवून मी विचारलं, हे पन्नासचे ना? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत काय शिकवतात कोण जाणे.

"हाऊ कट्टा तीसना शे, पन्नासना नही."

आणि खरंच, नावातच `30KG` लिहिलेलं होतं. मी एककाच्या रकान्यात `BAG` बघितलं आणि नावाकडे दुर्लक्ष केलं. पन्नासचे कट्टे होतेच, पण ते दुसऱ्या थप्पीत. जळगावच्या दालमिलमधून जे चार क्विंटल आले होते, ते पन्नासच्या आठ कट्ट्यांत होते. बिलात मात्र क्विंटल लिहिलेलं, त्यामुळे तिथे चूक व्हायची सोयच नव्हती.

गुणक ३० करून पुन्हा मांडलं. आवक साठ कट्टे गुणिले तीस, १८०० किलो, आणि दालमिलचे ४००, एकूण २२००. जावक बावीस कट्ट्यांचे ६६०, बापूंनी सुटे विकलेले ६१५, मुलाने विकलेले १८०, आणि अर्धा क्विंटल म्हणजे ५०. एकूण १५०५. शिल्लक ६९५ किलो. आधीच्या चुकीच्या आकड्याशी फरक ७६० किलोंचा, म्हणजे अडतीस कट्टे गुणिले वीस. फरक असा कट्ट्यांच्या संख्येने पूर्ण भागला गेला की समजावं, चोर गुणकात आहे.

त्याच दुपारी आम्ही तिघांनी माल मोजला. तीसचे अठरा कट्टे, ५४० किलो. पन्नासचे दोन, १०० किलो. सुट्या विक्रीच्या पिंपात आणि उघड्या कट्ट्यांत मिळून काट्यावर ४८ किलो भरली. एकूण ६८८. सात किलो कमी. सुटी डाळ तोलताना काटा गिऱ्हाइकाच्या बाजूने थोडा झुकता ठेवायची बापूंची पद्धत आहे, आणि सुमारे आठशे किलो सुटी विकल्यावर सात किलोंची घट त्यांच्या मते "कमीच आहे". मामांनी ती घट म्हणून वेगळी नोंदवायला लावली. आकडा जुळावा म्हणून गुणकात खाडाखोड करायची नाही, हे ते स्वतःहून म्हणाले, मला सांगावं लागलं नाही.

तूरडाळीच्या नावात निदान खरं वजन होतं. तांदळाच्या नावानेच फसवलं. यादीत `KOLAM 25KG` होतं आणि मी २५ हा गुणक नावातून उचलला. मोजणीत दर कट्ट्यामागे एक किलो जास्त भरायला लागला. कट्टा उलटून छपाई वाचली तर २६ किलो. कारण मामांना तोंडपाठ होतं. १८ जुलै २०२२ पासून आधीच भरलेल्या आणि लेबल लावलेल्या धान्यावर, कडधान्यावर, पिठावर पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकिंगला पाच टक्के जीएसटी लागला. पंचवीसच्या वर गेलं की लागत नव्हता. म्हणून बऱ्याच गिरण्यांनी पंचवीसचा कट्टा सव्वीसचा केला. माल बदलला, सॉफ्टवेअरमधलं नाव तसंच राहिलं, कारण नवं नाव उघडायचा कंटाळा. तेव्हापासून गुणकाच्या शेजारी मी आणखी एक रकाना ठेवला, "कुठून घेतला". त्यात `छपाई` किंवा `काटा` एवढंच लिहायचं. नावातून घेतलेला गुणक चालत नाही. आणि एकाच नावाखाली काही काळ पंचवीसचा आणि पुढे सव्वीसचा माल आला असेल, तर जुळणीच्या तक्त्यात तारखेचाही रकाना लागतो, त्याला पर्याय नाही.

तेलाच्या डब्यांचंही तसंच. पंधरा किलोचा डबा आणि पंधरा लिटरचा डबा गोदामात शेजारी उभे असतात आणि बिलात दोन्ही `TIN` होतात. सोयाबीन तेलाचा एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतो, म्हणजे पंधरा लिटरचा डबा सुमारे १३.६५ किलोचा. एका डब्यामागे फरक एक किलो साडेतीनशे ग्रॅमचा. लिटरचं किलोत रूपांतर सगळ्या मालाला एकाच गुणकाने करता येत नाही, म्हणून दोन्ही डब्यांना वेगळे कोड दिले आणि डब्यावर छापलेलं निव्वळ वजन गुणक म्हणून घेतलं.

शेवटची जुळणी लावायला `VLOOKUP` लिहिलं आणि तिसऱ्यांदा आपटले. चौथा शब्द लिहायचा राहिला. तो नसला की एक्सेल नेमकी जुळणी शोधत नाही, अंदाजे शोधतं, आणि नाव सापडलं नाही तर अनुक्रमात त्याच्या आधीचं जे असेल ते देऊन टाकतं. साबुदाण्याची एक ओळ तक्त्यात घालायची राहिली होती, तिला एक्सेलने साखरेचा कोड दिला, कारण अनुक्रमात ती आधी येते. कुठेही लाल खूण नाही, काही नाही. मला कळलं ते साखरेची विक्री एकादशीच्या आदल्या दिवशी उसळलेली दिसली म्हणून.

```
=VLOOKUP(F2,जुळणी!A:D,3,FALSE)
```

F2 मध्ये आणि तक्त्याच्या पहिल्या रकान्यात नाव आणि एकक जोडून ठेवलेलं, तिसऱ्या रकान्यात कोड. `FALSE` लिहिलं की न सापडलेल्या नावासमोर `#N/A` येतं. बघायला वाईट दिसतं, पण तेच हवं असतं. ज्या ओळी जुळल्या नाहीत त्या मी वेगळ्या पानावर ठेवल्या, बळजबरीने "इतर" मध्ये कोंबल्या नाहीत. पहिल्या दिवशी अशा शंभरावर ओळी होत्या, शेवटी चार उरल्या. त्यातल्या एकीचं नाव होतं `तेच`. एकक `1`. कॉलेजच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक म्हणालं मागच्या वेळचं तेच द्या, तर मी तेच टाकलं."

त्याच संध्याकाळी सॉफ्टवेअरमध्ये नवं नाव उघडायचा अधिकार फक्त मामांच्या पासवर्डवर ठेवला. मुलाला आणि बापूंना यादीतून निवडायचं, टाइप करायचं नाही. बापू दोन दिवस रुसले. मग मी प्रत्येक कोडापुढे त्यांचं नेहमीचं मराठी नावही शोधासाठी घालून दिलं. `तुरदाळ` लिहिलं तरी `तूरडाळ` निघते म्हटल्यावर रुसवा गेला.

आखाजीची मागणी नव्या तक्त्यावरून काढली. मागच्या वर्षीच्या बिलांनाही तोच जुळणीचा तक्ता लावला, तेव्हा सणाआधीच्या तीन आठवड्यांत तूरडाळ ९२० किलो गेल्याचं दिसलं. ती तेव्हा पाच वेगवेगळ्या नावांनी विकली गेली होती. हातात ६८८ होती. मामांनी तीसचे दहा कट्टे मागवले. दोन कट्टे वर लागतील म्हणून जास्तच, असं म्हणत.

गुळाचा गुणक मात्र अजून कोराच आहे. बिलात एकक `ढेप`, आणि ढेप कधी नऊ किलो आठशेची, कधी साडेदहाची. एकाच गाडीतून उतरलेल्या पाच ढेपा मी काट्यावर ठेवून बघितल्या, दोनसुद्धा सारख्या भरल्या नाहीत. सरासरी काढून दहा लिहावं असं वाटत होतं. बापू म्हणाले, लिहू नको. आता ढेप उतरली की हमालभाऊ ती काट्यावर ठेवतात, बापू वेष्टनावर पेनाने वजन लिहितात, आणि बिलात ढेप न पडता तेच किलो पडतात. जुन्या ढेपांच्या ओळींसमोर `#N/A` तसाच आहे.